तांब्याचा पेला, संत्र्याची साल आणि भट्टीचं तापमान

प्रश्न: साकीनाक्याला आमचं प्रेसचं छोटं युनिट आहे. ०.८ मिमी तांब्याच्या पत्र्यातून पाण्याचे पेले काढतो. ब्लँक, म्हणजे कापलेली गोल चकती, १८० मिमीचा, पहिल्या ड्रॉत, म्हणजे प्रेसमधल्या पहिल्या ओढीत, व्यास १०४, दुसऱ्यात ८२, तिसऱ्यात ७०. तिसऱ्या ड्रॉला दहातले दोन-तीन फाटतात. दुसऱ्यानंतर ७०० डिग्रीला तापवून घेतले तर फाटत नाहीत, पण अंगावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो आणि पॉलिशवाला ओरडतो. एक जण म्हणतो ४०० पुरे, दुसरा म्हणतो ६५० च्या खाली तांबं नरमच होत नाही. सर, तापमान नक्की ठरवायचं कसं?

उत्तर:

ते दोघेही खरंच बोलताहेत, फक्त पेल्याच्या वेगवेगळ्या भागांबद्दल. चारशेवाला काठाबद्दल बोलतोय, साडेसहाशेवाला बुडाबद्दल. तुम्हाला नरम करायचा आहे तो काठ. बूड मुळातच नरम आहे, त्याला हात लावायची गरज नाही. सातशेला तुम्ही नेमका बुडालाच हात लावताय.

आधी एक ब्लँक वाया घालवायची तयारी ठेवा. त्यावर परमनंट मार्करने मध्यापासून काठापर्यंत एका रेषेत १० मिमीची वर्तुळं काढा आणि दोन ड्रॉ मारा. बुडाच्या मधलं वर्तुळ होतं तसंच राहील. बुडाच्या वळणाजवळचं किंचित ताणलेलं दिसेल. जसजसे वर जाल तसतशी वर्तुळं उभी लांबुडकी होत जातील आणि काठापाशी साडेचार मिमी रुंद, वीसएक मिमी उंच अशी भोपळ्याची बी दिसेल. गणित सोपं आहे. ब्लँकच्या काठाचा घेर ५६५ मिमी होता, ८२ मिमीच्या पेल्याचा घेर २५८ मिमी. म्हणजे काठावरच्या धातूने आपला ५४ टक्के घेर गमावला. पत्रा रोलिंग मिलमध्ये ०.८ वरून ०.३७ मिमीवर आणला तर जेवढं कोल्ड वर्किंग, म्हणजे न तापवता केलेलं काम, होईल, साधारण तेवढं त्या काठाने सोसलंय. आणि त्याच पेल्याच्या बुडाच्या मध्यभागी जवळजवळ शून्य. एकाच वस्तूत शून्यापासून ५४ टक्क्यांपर्यंत सगळं आहे, आणि तुम्ही भट्टीत घालताय ती अख्खी वस्तू. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

आता काठ कडक का होतो ते बघू. तांब्याचे स्फटिक वाकतात ते अणूंचे थर एकमेकांवरून एकदम सरकून नव्हे. सतरंजीला एका टोकाला वळी पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी थोडी सरकते, तसं. स्फटिकातल्या त्या वळीला डिसलोकेशन म्हणतात. नरम तांब्याच्या एका चौरस सेंटीमीटर छेदातून अशा दहा लाख ते दहा कोटी रेषा जातात. भरपूर काम झालेल्या तांब्यात त्या दहा हजार कोटी ते एक लाख कोटीपर्यंत वाढतात. सरकता सरकता त्या नवीन रेषा जन्माला घालतात आणि मग एकमेकींत अडकतात. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्यावर जी अवस्था होते, ती. गर्दी वाढली की पुढे सरकायला जास्त जोर लागतो, आणि आपण म्हणतो तांबं कडक झालं. नरम तांब्याची विकर्स कठीणता ४५-५० असते, तुमच्या काठाची दोन ड्रॉनंतर शंभरच्या आगेमागे असेल. नरम तांबं ज्या ताणाला वाकायला लागतं तो साधारण ६०-७० मेगापास्कल, कडक तांब्याचा तीनशेच्या घरात.

तांब्याच्या बाबतीत एक विशेष आहे. अॅल्युमिनियममध्ये डिसलोकेशन अडकलं तर ते आपला थर सोडून बाजूच्या थरावर सहज उडी मारतं, वाट काढतं. तांब्यात ती रेषा दोन तुकड्यांत पसरून राहते आणि उडी मारण्याआधी तिला ते तुकडे जवळ आणावे लागतात, ते अवघड जातं. म्हणून तांब्यात गुंता झटपट होतो आणि पुढे भट्टीतही आपोआप सुटत नाही. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

मग तिसऱ्या ड्रॉला फाटतं कुठे? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो की बहुतेक पेले बुडाच्या वळणाच्या जरा वर, आडवे फाटतात. बूडच निघून हातात येत असेल. कारण असं की पंच ढकलतो बुडाला, आणि तो जोर भिंतीतून वर जाऊन कडक झालेल्या काठाला आत ओढतो. भिंतीचा खालचा भाग म्हणजे दोरी आणि वरचा भाग म्हणजे ओझं. ओझं कडक झालंय, दोरी मात्र जवळजवळ पहिल्यासारखी नरम आणि वळणावर ताणून थोडी बारीकही झालेली. दोरी तुटते. फाटतं खाली, दोष वर, म्हणून तर लोक फसतात. काही पेले काठाकडून उभे चिरत असतील तर तिथे धातूची ताणली जाण्याची ताकद संपलीय, किंवा ब्लँक कापताना काठाला बर, म्हणजे धारदार कंगोरा, राहिलीय. उभी चीर दिसली तर भट्टीआधी ब्लँकिंग डायची धार बघा.

आता भट्टीत काय होतं. कडक तांबं तापवायला लागलात की १५०-२०० अंशांपर्यंत बाहेरून काहीच घडल्यासारखं वाटत नाही. कठीणता मोजली तर दोन-चार आकडे खाली. आत मात्र हालचाल चालू असते. उलट सुलट डिसलोकेशन भेटून एकमेकांना खातात, काही रांगेत लागतात, पेल्यात अडकून राहिलेले अंतर्गत ताण उतरतात, विद्युतवाहकतेत कोल्ड वर्किंगने झालेली दोन-तीन टक्क्यांची घट बरीचशी भरून निघते. ही रिकव्हरी. अॅल्युमिनियममध्ये एवढ्यावरसुद्धा बऱ्यापैकी नरमपणा येतो. तांब्यात नाही, कारण ती उडीची अडचण. म्हणून दोनशेला तास-दोन तास ठेवून, पेला नरम झाला असेल, असं समजून कोणी तिसरा ड्रॉ मारला तर तो फाटणारच. स्प्रिंगच्या पट्ट्या, कॉन्टॅक्टच्या पत्त्या अशा कामात मात्र हीच पायरी हवी असते: ताण उतरतो आणि कडकपणा टिकतो.

त्याच्या वर गेलात की खेळ बदलतो. जिथे गुंता सगळ्यात दाट आहे, जुन्या कणांच्या, म्हणजे स्फटिकांच्या, सीमांवर आणि आतल्या वाकलेल्या पट्ट्यांत, तिथे अगदी बारीक, स्वच्छ, गुंता नसलेले नवे कण जन्म घेतात आणि आजूबाजूचा गुंतलेला धातू गिळत वाढतात. सगळा जुना धातू संपला की नवे कण एकमेकांना भिडतात. हे रीक्रिस्टलायझेशन. यात कठीणता शंभरवरून पन्नासवर धाडकन पडते, आणि तीही जेमतेम पन्नास-शंभर अंशांच्या टप्प्यात.

या नव्या कणांना वाढायला बळ कुठून मिळतं? कोल्ड वर्किंगला तुम्ही जी ऊर्जा खर्च केली तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन गेला, पेला हातात घेतल्यावर गरम लागतो तीच. काही टक्के ऊर्जा मात्र त्या गुंत्यात साठून राहिली. तीच हे इंजिन चालवते. जितका गुंता जास्त, तितकं बळ जास्त, तितक्या कमी तापमानाला काम होतं आणि तितके जास्त कण एकाच वेळी जन्म घेतात. म्हणून रीक्रिस्टलायझेशनचं तापमान हा वितळण्याच्या १०८५ अंशांसारखा तांब्याचा जन्मजात आकडा नाही. पुस्तकातल्या तक्त्यात ‘तांबं: २०० अंश’ असं दिसतं ते भरपूर काम झालेल्या, चांगल्या शुद्ध तांब्याला तासभर ठेवल्यावरचं. अतिशुद्ध तांबं ९० टक्क्यांच्या वर रोल करून कपाटात ठेवलं तर ते नुसत्या खोलीच्या तापमानालाही महिनोन्महिन्यांत नरम पडू शकतं. उलट पाचच टक्के काम झालेलं तांबं चारशेला अर्धा तास ठेवलं तरी त्यात फारसं काही होत नाही.

आता तुमच्या पेल्याकडे परत या. काठावर ५४ टक्के काम: चारशेला तो पूर्ण नरम होतो, कण दाट संख्येने जन्मलेले, म्हणून बारीक, साधारण ०.०१५ ते ०.०२५ मिमीचे. बुडाच्या मध्यावर काम शून्य: तिथे बळच नाही, गिरणीतून आले तसे कण राहतात. धोक्याचा पट्टा या दोन्हींच्या मध्ये आहे: बुडाची बाहेरची कड, वळण, आणि भिंतीची सुरुवात. तिथे काम झालंय दोन ते दहा टक्के. एवढ्याने फार थोड्या जागी नवे कण जन्मू शकतात. चारशे-साडेचारशेला अर्ध्या तासात ते जन्मतही नाहीत, पट्टा आहे तसा राहतो आणि तो तसाच आपल्याला चालतो. साडेसहाशे-सातशेला मात्र ते मोजके कण जन्म घेतात आणि शेजारी स्पर्धक नसल्यामुळे मोकाट वाढतात. पाव मिमीचे कण मी अशा पट्ट्यात पाहिले आहेत. ०.८ मिमीच्या जाडीत असे कण किती बसतील? तीन.

शिवाय हा पट्टा बुडाशी लपून राहत नाही. तिसऱ्या ड्रॉत व्यास ८२ वरून ७० होतो तेव्हा जुन्या बुडाची कड आणि वळण वर चढून नव्या भिंतीत येतात. म्हणजे हाच मोठ्या कणांचा धातू तयार पेल्याच्या खालच्या दीड-दोन सेंटीमीटरमध्ये, गिऱ्हाइकाच्या बरोबर नजरेसमोर. तुमचे पेले उजेडात तिरके धरून बघा, खरबरीतपणा खाली जास्त आणि वर कमी दिसेल. तसा दिसला तर माझं निदान बरोबर.

संत्र्याची साल भट्टीत तयार होत नाही, हेही ध्यानात घ्या. भट्टीतून काढलेला पेला गुळगुळीतच असतो. प्रत्येक कणाची दिशा वेगळी, म्हणून दाबाखाली प्रत्येक जण आपापल्या परीने आत-बाहेर होतो. कण बारीक असतील तर ही उंचसखलता डोळ्यांना दिसत नाही, मोठे असतील तर साल दिसते. ती तिसऱ्या ड्रॉत उमटते. म्हणून भट्टीवाला म्हणतो माझा माल चकाचक होता, प्रेसवाला म्हणतो डाय चकाचक आहे, आणि दोघं मिळून पॉलिशवाल्याच्या डोक्यावर खापर फोडतात.

सातशेला बाकी भिंतीचं काय होतं? तिथे नव्या कणांचा जन्म पहिल्या काही मिनिटांतच उरकलेला असतो. उरलेला वेळ मोठे कण लहानांना गिळत बसतात. नरमपणात त्याने फारसं पदरात पडत नाही, पन्नासची कठीणता पंचेचाळीस होईल, पण कण दुप्पट-चौपट होतात. उत्तम पॉलिश हवं असेल तर ०.०२५ मिमीच्या आसपासचे कण हवेत. ०.०३५ पर्यंत ओढायलाही बरं आणि पॉलिशही चालतं. ०.०५० ला साल जाणवायला लागते. ०.०७० आणि वर फक्त खूप खोल ओढायच्या, दिसण्याला महत्त्व नसलेल्या वस्तूंसाठी.

एवढ्यावरून ‘चारशे’ असं लिहून मी मोकळा झालो असतो, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय तो आकडा देता येत नाही: तुमचं तांबं कोणतं? बाजारात पत्रा दोन प्रकारचा येतो. ईटीपी, म्हणजे विजेच्या कामाचं तांबं, त्यात ०.०२ ते ०.०४ टक्के ऑक्सिजन असतो. आणि डीएचपी, ज्यात ऑक्सिजन काढण्यासाठी फॉस्फरस घातलेला असतो आणि ०.०१५ ते ०.०४० टक्के फॉस्फरस मागे उरतो. एसीच्या नळ्या याच तांब्याच्या. हा एवढासा फॉस्फरस नव्या कणांच्या सीमा धरून ठेवतो, आणि नरम होण्याचं तापमान सत्तर-शंभर अंशांनी वर जातं. ईटीपीला ४०० पुरत असेल तर डीएचपीला ४७५-५०० धरा. गुलालवाडीत पत्रा घेताना ‘प्युअर आहे ना?’ एवढंच विचारून भागत नाही, दोन्ही प्युअरच असतात. टेस्ट सर्टिफिकेटवर फॉस्फरसचा आकडा बघा. आणि दर खेपेला वेगळ्या दुकानातून माल उचलत असाल तर ‘मागच्या महिन्यात याच तापमानाला बरोबर झालं होतं’ या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

म्हणून तापमान विचारून घेण्यापेक्षा काढून घ्या. एक दिवसाचं काम आहे. दुसऱ्या ड्रॉनंतरचे दोन-तीन पेले घ्या आणि प्रत्येकाच्या काठाजवळून १० मिमी रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापा, तशाच बुडाच्या वळणाजवळूनही. पट्ट्यांच्या जोड्या २५०, ३००, ३५०, ४००, ४५०, ५०० आणि ६०० ला अर्धा-अर्धा तास ठेवा, बाहेर काढून पाण्यात टाका. तांबं पाण्यात विझवल्याने लोखंडासारखं कडक होत नाही, निर्धास्त टाका. मग कठीणता मोजून घ्या, कुठलीही टेस्टिंग लॅब हे करून देते. काठाच्या पट्टीचे आकडे ईटीपी असेल तर साधारण असे पडतील: न तापवलेली शंभरच्या पुढे-मागे, २५० ला घसरण सुरू झालेली, ३०० ला साठच्या आसपास, ३५० ला पन्नास-बावन्न, आणि तिथून ६०० पर्यंत रेषा जवळजवळ आडवी. ही रेषा जिथे आडवी होते तो तुमचा पाया. त्याच्यावर पन्नास अंश चढवा. ते पन्नास अंश भट्टीच्या कोपऱ्यातल्या थंड जागेसाठी आणि पुढच्या लॉटच्या थोड्या वेगळ्या तांब्यासाठी. ३५० ला आडवी झाली तर ४००. याहून जास्त चढवलंत तर पदरात कठीणतेचे तीन-चार आकडे पडतात आणि कणांचं कर्ज चढतं.

लॅबला पाठवायला वेळ नसेल तर हातानेही कळतं. पट्टी २० मिमीच्या सळईभोवती बोटांनी वळवा आणि सोडा. कडक पट्टी निम्मी उलगडून परत येते, नरम झालेली जिथे सोडली तिथेच बसते. लादीवर टाकून आवाज ऐका: कडक पट्टी टणकन वाजते, नरम थपकन पडते. ३०० च्या पट्टीला दोन्हींच्या मधला, जरा खोकल्यासारखा आवाज येतो. तिथे अर्धा धातू नवा झालेला असतो आणि अर्धा जुना.

वळणाजवळच्या पट्ट्या कशासाठी, तर कण बघायला. लॅमिंग्टन रोडला सर्किट बोर्ड खोदायचं फेरिक क्लोराइड मिळतं. पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून, त्या द्रावणात मिनिटभर बुडवून, धुऊन, सोनाराच्या दहापट भिंगातून बघा. ४०० च्या पट्टीत काही दिसणार नाही, नुसता मंद एकसारखा रंग. ६०० च्या पट्टीत चकाकणारे आणि काळवंडलेले ठिपके वेगळे दिसायला लागले, तर तेच मोठे कण. हातमोजे घाला, ते पिवळं कपड्यावरून निघत नाही.

वेळेबद्दल थोडक्यात. तापमान आणि वेळ एकमेकांची जागा घेऊ शकतात, पण समान हक्काने नाही. तीनशेच्या आसपास पंधराएक अंश चढवले की लागणारा वेळ साधारण निम्मा होतो. उलट बघा: पन्नास अंश कमी पडले तर ते भरून काढायला वेळ आठ-दहापट करावा लागेल. म्हणून ‘जरा कमी तापलंय, दहा मिनिटं जास्त ठेवू’ हा हिशेब जमत नाही.

आता खरी गडबड. माझा अंदाज आहे की तुमचं ‘७००’ सातशे नाहीच, आणि उद्या तुमचं ‘४००’ही चारशे नसेल. भट्टीचा काटा भिंतीत खोचलेल्या थर्मोकपलचं तापमान सांगतो. पेले एकात एक घालून, टोपलीभर, मध्ये ठेवलेले असतात. चकचकीत तांबं भट्टीचा ताप परतवून लावतं, त्यामुळे ते सुरुवातीला फार सावकाश तापतं, आणि गठ्ठ्याच्या मधले पेले तर त्याहून सावकाश. काटा चारशेला पोचला तेव्हा मधला पेला अडीचशेला असू शकतो. सुटी के-टाइप थर्मोकपलची वायर आणून तिचं टोक टोपलीच्या मधल्या पेल्यात बांधा आणि एकदा मोजून ठेवा, काटा चारशे झाल्यावर मधल्याला तिथे यायला किती मिनिटं लागतात. अर्धा तास त्यानंतर मोजायचा. लेझर ठिपक्याच्या गनने चमकत्या तांब्याचं तापमान घेऊ नका. ती गन चमकत्या तांब्याला खूपच कमी दाखवते, आणि माणूस भट्टी वाढवत बसतो.

गॅसच्या बर्नरने तापवत असाल तर आणखी एक. कारागीर तांबं रंगावरून ओळखतात: अंधारात ५२५-५५० ला मंद लाल दिसायला लागतं. पण दुपारी दोन वाजता शटर वर असलेल्या गाळ्यात तोच लाल रंग साडेसहाशेच्या पुढे गेल्याशिवाय दिसत नाही. रात्रपाळीचा माल गुळगुळीत आणि दिवसपाळीचा खरबरीत, अशी तक्रार एका ठिकाणी मला ऐकायला मिळाली होती. प्रेस तीच, डाय तीच, पत्रा तोच. मालक दिवसपाळीच्या माणसाला बदलायला निघाला होता. आम्ही बर्नरच्या भोवती तीन बाजूंनी काळ्या पत्र्याचा आडोसा केला आणि माणूस तोच ठेवला. चारशेला तर लाल रंग अंधारातही दिसत नाही, म्हणून या कामाला डोळा चालणार नाही, काटाच हवा.

तापवल्यावर काळं पडतं म्हणून कोणीतरी तुम्हाला हायड्रोजनच्या वायूत किंवा धुराच्या पिवळ्या ज्योतीत तापवायला सांगेल. ईटीपी असेल तर ऐकू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षांत हा धडा मी स्वतः गिरवलाय. विजेच्या कामाच्या पट्ट्या अमोनियाच्या विघटनातून मिळणाऱ्या वायूत, ज्यात तीन चतुर्थांश हायड्रोजन असतो, सहाशेला चकाचक नरम करून घेतल्या आणि सगळ्यांना दाखवत फिरलो. दुसऱ्या दिवशी त्यातली पट्टी काटकोनात वाकवली तर बिस्किटासारखी मोडली. हायड्रोजन तांब्यात शिरतो, आत असलेल्या क्युप्रस ऑक्साइडचा ऑक्सिजन पळवतो आणि पाण्याची वाफ तयार करतो. वाफेचा रेणू मोठा, त्याला बाहेर पडता येत नाही, मग तो कणांच्या सीमा फोडतो. हे चारशेच्या वर जोर धरतं आणि एकदा झालं की कुठल्याच उपायाने परत जुळत नाही. भंगारात किलोच्या भावाने विकल्या त्या पट्ट्या. डीएचपीला हा धोका नाही. चारशेला साध्या हवेत तापवलं तर काळा थर पातळच येतो, पाण्यात टाकल्यावर बराच उडून जातो, उरलेला दहा टक्के सल्फ्युरिक अॅसिडमध्ये निघतो. अॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही. धुतल्यावर अंगावर लालसर भुकटी राहिली तर घाबरू नका, ते तांबंच आहे, ब्रशने जातं.

शेवटच्या ड्रॉनंतर मात्र परत तापवू नका. तिसऱ्या ड्रॉत व्यास ८२ चा ७० होताना भिंतीला परत पंधरा टक्क्यांचं काम मिळतं, कठीणता पन्नासवरून ऐंशीच्या आसपास जाते, आणि पेला बोटाने दाबला तर चेपत नाही. तांबाकाट्याच्या दुकानांत जी मठारलेली भांडी दिसतात त्यांचे ते ठोके नुसते शोभेचे नाहीत, तांबट त्या ठोक्यांनी नरम भांडं ताठ करतो. तुमचा तिसरा ड्रॉ हा तुमचा मठार आहे.

पहिला लॉट ४०० ला काढलात की वीसएक पेले तिसऱ्या ड्रॉमधून जाऊ द्या. आता फाटले आणि फाटलेल्याचा काठ वाजवल्यावर टणकन आवाज आला, तर गठ्ठ्याच्या मध्ये ताप पोचला नाही किंवा पत्रा डीएचपी निघाला: पट्ट्यांची रेषा परत काढा. काठ थपकन वाजला तरी फाटले, तर तांब्याची चूक नाही, पंचची गोलाई, वंगण किंवा ब्लँकहोल्डरचा दाब तपासा. आणि फाटले नाहीत पण बुडाच्या मधोमध, जिथे काम झालेलंच नाही तिथेही फेरिक क्लोराइडने मोठे ठिपके दिसले, तर ते कण तुमच्या भट्टीतले नाहीत. पत्रा गिरणीतूनच तसा आलाय. तो परत करा, आणि पुढच्या ऑर्डरवर कणांचा आकार ०.०३५ मिमीच्या आत असा लिहून मागा.